संचालकांची गाडी, कँटीनचे जेवण आणि अडवलेले इनपुट क्रेडिट

रोजमेळ

नमस्कार. कोल्हापूरजवळच्या एका औद्योगिक वसाहतीतील प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे हिशेब मी गेल्या वर्षापासून पाहतो. कंपनी पंपांच्या कास्टिंगचे मशिनिंग करून देते आणि कामगार १४० च्या आसपास आहेत. मागच्या आठवड्यात पोर्टलवर २०२३-२४ या वर्षासाठी ASMT-10 नोटीस आली असून तिच्यात एका गाडीचा विषय आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये कंपनीने संचालकांच्या कामासाठी पेट्रोलची लहान गाडी घेतली. गाडीची किंमत ८,००,००० रुपये आणि तिच्यावर २८ टक्क्यांनी जीएसटी २,२४,००० रुपये होता. एक टक्का उपकर त्या वेळीच गाडीच्या किमतीत धरला गेला होता. सोबतच्या विम्याचा हप्ता ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर ५,४०० रुपये. म्हणजे एकूण २,२९,४०० रुपयांचे क्रेडिट घेतले गेले आणि आता ते चुकीचे असल्याचे सांगून नोव्हेंबर २०२३ पासूनच्या व्याजासह परत मागितले आहे.

माझा प्रश्न असा, की गाडी कंपनीच्या नावावर आहे, आरसी बुकावर कंपनीचे नाव आहे, ड्रायव्हर कंपनीच्या पगारावर आहे आणि रोजच्या फेऱ्यांचे लॉगबुक ठेवलेले आहे. ती गाडी इचलकरंजी, सांगली आणि पुण्याच्या ग्राहकांकडेच जाते. शिवाय GSTR-2B मध्ये ही दोन्ही बिले क्रेडिट उपलब्ध असलेल्या भागात दिसत होती. हा व्यवसायासाठीचा खर्च नाही, असे कोणत्या आधारावर म्हणता येते?

दुसरे असे, की कँटीन ठेकेदार दरमहा सुमारे १,२०,००० रुपयांचे बिल देतो आणि त्यावर पाच टक्के कर लावतो. ते क्रेडिट आम्ही कधीच घेतलेले नाही. ते घ्यायला हवे होते का, हेही जाणकारांनी सांगावे.

अभय_चाकण

रोजमेळ, घाबरण्याचे कारण नाही. कलम १६ मध्ये स्पष्ट लिहिले आहे, की व्यवसायाच्या ओघात किंवा वाढीसाठी वापरलेल्या वस्तू आणि सेवांवरील कराचे क्रेडिट मिळते. लॉगबुकाच्या झेरॉक्स, ड्रायव्हरची पगारपत्रके आणि ग्राहकांच्या भेटींचे ईमेल जोडून उत्तर द्या, म्हणजे अधिकाऱ्याला मान्य करावेच लागेल. समजा गाडीचे क्रेडिट त्यांनी नाकारलेच, तरी विम्याचे आणि सर्व्हिसिंगचे नाकारता येत नाही, कारण कायद्यात फक्त गाडीची खरेदी अडवलेली आहे. आम्ही २०१८ मध्ये दोन गाड्यांच्या विम्याचे क्रेडिट घेतले होते आणि नंतर तपासणी होऊनही त्यावर कोणी आक्षेप घेतला नाही.

ताळेबंद

अभयजींनी कलम १६ बरोबर सांगितले आहे, पण ते पुढच्या कलमापाशी थांबले. कलम १७ च्या पाचव्या पोटकलमाची सुरुवातच ‘कलम १६ च्या पहिल्या पोटकलमात काहीही असले तरी’ अशा अर्थाच्या शब्दांनी होते. त्यामुळे खर्च व्यवसायासाठी झाला हे शंभर टक्के सिद्ध केले, तरी त्याने फक्त कलम १६ ची पायरी ओलांडली जाते. पुढचे दार वेगळे आहे आणि त्याची किल्ली व्यवसायाचा हेतू ही नाही. रोजमेळ यांचे लॉगबुक कितीही चोख असले तरी या नोटिशीला ते उत्तर होऊ शकत नाही, कारण गाडी खासगी कामाला वापरली असा आरोप नोटिशीत नसणार. तिथे एवढेच म्हटलेले असेल, की माणसे नेण्याची, ड्रायव्हर धरून तेरा किंवा त्याहून कमी आसनांची ही गाडी आहे आणि अपवादात बसत नाही.

ते अपवाद तीनच आहेत. गाड्या पुढे विकण्याचा धंदा असेल, प्रवासी वाहतुकीचा धंदा असेल किंवा ड्रायव्हिंग स्कूल असेल, तर क्रेडिट मिळते. या तिन्हींत गाडी हाच धंद्याचा माल किंवा साधन आहे. पंपाच्या कास्टिंगवाल्यासाठी गाडी ही सोय आहे आणि त्या सोयीचा काही भाग कोणाच्या तरी वैयक्तिक सुखात जातो, असे कायदा आधीच धरून चालतो. कोणाच्या बाबतीत किती जातो हे तो तपासत बसत नाही. जीएसटी हा शेवटी उपभोगावरचा कर आहे आणि कंपनीला क्रेडिट दिले तर संचालकाने घेतलेला उपभोग करातून सुटतो. रविवारी तीच गाडी ज्योतिबाला गेली की ग्राहकाकडे गेली, हे हजारो कंपन्यांच्या लॉगबुकांवरून ठरवत बसण्यापेक्षा सरकारने सरसकट रेघ ओढली. माझ्या मते ही रेघ प्रामाणिक व्यापाऱ्यावर अन्याय करते, पण अन्याय करणारी आणि अस्पष्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गाडीपुरती ही रेघ अस्पष्ट नाही.

विम्याबद्दल अभयजींचा अनुभव खरा आहे, फक्त तो जुन्या कायद्यातला आहे. २०१८ मध्ये कलमात विमा आणि दुरुस्तीचा उल्लेख नव्हता, म्हणून अनेकांनी ते क्रेडिट घेतले आणि ते टिकलेही. १ फेब्रुवारी २०१९ पासून कलम बदलले आणि ज्या गाडीचे क्रेडिट बंद, तिचा विमा, सर्व्हिसिंग आणि दुरुस्ती यांचेही क्रेडिट बंद असे स्पष्ट शब्दांत आले. रोजमेळ यांचा हप्ता २०२३ चा आहे, त्यामुळे ५,४०० रुपयेही सोडावे लागतील.

GSTR-2B बद्दल सांगायचे तर तो तक्ता विक्रेत्याने भरलेल्या माहितीवरून आपोआप तयार होतो. मुदत उलटून गेलेले किंवा दुसऱ्या राज्यात अडकलेले क्रेडिट तो वेगळे दाखवतो, पण खरेदीदार त्या गाडीचे काय करणार आहे हे पोर्टलला माहीत नसते. तेच बिल टॅक्सी कंपनीच्या नावाने असते तर तिच्या 2B मध्येही ते असेच दिसले असते. त्यामुळे ‘उपलब्ध’ या रकान्याचा आधार नोटिशीच्या उत्तरात घेऊ नये.

जाईजुई

मी रांजणगावच्या एका कारखान्यात मनुष्यबळ विभागात आहे आणि कर विभागाच्या लोकांशी याच विषयावर आमचे नेहमी वाद होतात, म्हणून विचारते. आमच्याकडे ४०० हून अधिक कामगार आहेत आणि कारखाने अधिनियमामुळे कँटीन चालवणे आम्हाला भागच आहे. आमचे सल्लागार म्हणतात, की कँटीनचे क्रेडिट घ्या, पण पूर्ण घेऊ नका. कामगार ताटामागे जे पैसे देतो तेवढ्या भागाचे सोडा. ताट ६० रुपयांना पडते आणि कामगाराच्या पगारातून १५ रुपये कापले जातात. हे ‘अर्धे घ्या, अर्धे सोडा’ कुठून आले?

दुसरे, आम्ही कामगारांसाठी दोन वाहने भाड्याने लावली आहेत. एक सतरा आसनांची मिनीबस आणि एक सात आसनांची गाडी. दोन्ही एकाच ठेकेदाराची आहेत, डिझेल त्याचेच आणि कामही तेच, कामगारांना आणणे आणि सोडणे. तरी हिशेब विभाग एकीचे क्रेडिट घेतो आणि दुसरीचे नाही, हे मला पटत नाही.

ताळेबंद

ताई, वाहनांचे आधी सांगतो, कारण ते सोपे आहे. कलमातली संख्या तेरा आहे आणि ती ड्रायव्हर धरून, आरसी बुकावर मंजूर झालेल्या आसनांची आहे. सतरा आसनी मिनीबस त्या रेघेच्या पलीकडे आहे, म्हणून तिच्या भाड्यावरील कराचे क्रेडिट मिळते. सात आसनी गाडी अलीकडे आहे, म्हणून भाड्याने घेतली तरी मिळत नाही. काम तेच आहे हे तुमचे म्हणणे व्यवहारात बरोबर असले तरी कलम काम पाहत नाही, आसने पाहते. त्यात एक टोचणारी गोष्ट आणखी आहे. तुमचा ठेकेदार कंपनी नसून साधा मालक असेल आणि तो स्वतः कर लावत नसेल, तर इंधनासह भाड्यावरचा पाच टक्के कर तुमच्या कंपनीनेच रिव्हर्स चार्जने रोखीत भरायचा असतो. म्हणजे सात आसनी गाडीवर कर भरायचाही तुम्हीच आणि क्रेडिटही नाही.

कँटीनचा विषय मात्र खोल आहे आणि त्याची एक बाजू महाराष्ट्रातच घडली. जुन्या सेवाकराच्या काळात कँटीन ठेकेदाराच्या बिलावरील कराचे क्रेडिट मिळते की नाही हा वाद अल्ट्राटेक सिमेंटच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. नागपूरच्या आयुक्तांचे अपील होते. २०१० मध्ये न्यायालयाने सांगितले, की कारखान्यातले कँटीन उत्पादनाच्या कामाशी जोडलेले आहे, म्हणून क्रेडिट मिळेल. पण कामगाराने जेवणाचे जेवढे पैसे स्वतः दिले, तेवढ्या भागाचा कर कामगाराने सोसलेला आहे, म्हणून कारखान्याला त्याचे क्रेडिट घेता येणार नाही. तुमच्या सल्लागारांचे ‘पूर्ण घेऊ नका’ हे इथून आलेले आहे. जीएसटीतही गुजरातच्या काही अग्रिम निर्णयांत कंपनीने स्वतः सोसलेल्या खर्चापुरतेच क्रेडिट दिले आहे. तुमच्या आकड्यांत ६० पैकी ४५ रुपये कंपनीचे, म्हणजे कराच्या तीन चतुर्थांश भागाचे क्रेडिट घेणे सुरक्षित. अग्रिम निर्णय फक्त अर्जदारावर आणि त्याच्या अधिकाऱ्यावर बंधनकारक असतो, त्यामुळे पूर्ण क्रेडिट घेऊन भांडणारेही आहेत. मी त्यांच्यात नाही.

उच्च न्यायालयाच्या त्या निकालानंतर काही महिन्यांतच, १ एप्रिल २०११ पासून, सेनव्हॅटच्या नियमांत बदल झाला आणि बाहेरून मागवलेले जेवण, क्लबचे सदस्यत्व, आरोग्य विमा, रजेतला प्रवास अशा सेवा वगळल्या गेल्या. पण तिथे एक अट होती. त्या सेवा मुख्यतः कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक उपभोगासाठी वापरल्या असतील तरच त्या बाद. जीएसटी आला तेव्हा यादी जवळपास तीच राहिली आणि ती अट मात्र गेली. आज जेवणावरचे क्रेडिट नाकारताना अधिकाऱ्याला ‘हा वैयक्तिक उपभोग आहे’ हे दाखवावेही लागत नाही. माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणातला खरा बदल तो आहे आणि त्याची चर्चा कमी होते.

अट गेली, पण तिच्या जागी एक खिडकी राहिली. एखाद्या कायद्याने ती सोय कर्मचाऱ्यांना देणे मालकावर बंधनकारक असेल तर क्रेडिट मिळते. ही खिडकी फक्त रजेच्या प्रवासासाठी आहे की जेवण, विमा, गाडीभाडे या सगळ्यांसाठी, यावर बराच काळ वाद होता, कारण विरामचिन्हे दोन्ही बाजूंनी वाचता येत होती. ६ जुलै २०२२ च्या १७२ क्रमांकाच्या परिपत्रकाने ती सगळ्यांसाठी आहे असे सांगून वाद मिटवला. तुमच्या ४०० कामगारांच्या कँटीनला क्रेडिट मिळते ते या खिडकीतून. रोजमेळ यांच्या १४० कामगारांना २०२३-२४ मध्ये ती उघडी नव्हती, कारण कारखाने अधिनियमाच्या कलम ४६ मध्ये २५० हून अधिक कामगारांची मर्यादा होती. त्यांनी ते क्रेडिट घेतले नाही हे बरेच झाले.

अभय_चाकण

विम्याचे मान्य, ती दुरुस्ती माझ्या लक्षात नव्हती. पण कँटीनबद्दल एक मुद्दा मांडतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत कँटीनसाठी कामगारांची संख्या शंभर केली आहे, त्यातही ठेक्याचे कामगार धरून. मग रोजमेळ यांची कंपनी आता बंधनात आली की नाही? तसे असेल तर डिसेंबर २०२५ च्या बिलापासून क्रेडिट घ्यायला काय हरकत आहे? दरमहा ६,००० रुपये म्हणजे वर्षाचे ७२,००० होतात.

ताळेबंद

मुद्दा चांगला आहे आणि दिशा बरोबर आहे. माझी हरकत एवढीच, की संहितेतले ते कलम सुविधा ‘विहित केल्याप्रमाणे’ द्यायला सांगते, म्हणजे तपशील नियमांवर सोडलेला आहे. बंधन कलमानेच आले की नियम लागू झाल्यावर येते, यावर कर अधिकारी आणि व्यापारी वेगवेगळे बोलणार हे आताच दिसते. मी रोजमेळ यांच्या जागी असतो तर २०२५-२६ ची ही बिले नोंदवून वेगळी ठेवली असती आणि क्रेडिट घेण्याचा निर्णय थोडा लांबवला असता. त्या वर्षाच्या क्रेडिटसाठी ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत मुदत आहे, त्यामुळे वाट पाहण्यात आज काही बुडत नाही.

जाईजुई

मला इथे असहमती नोंदवायची आहे. कामगार खात्याचे निरीक्षक आमच्याकडे येतात तेव्हा ‘नियम अजून यायचे आहेत’ हे उत्तर ते ऐकून घेत नाहीत, संहिता लागू झाली म्हणजे कँटीन हवे. एकाच सरकारचे एक खाते बंधन आहे म्हणून कँटीन उभारायला लावणार आणि दुसरे खाते बंधन नाही म्हणून क्रेडिट नाकारणार, हे कसे चालेल? रोजमेळ यांनी क्रेडिट घ्यावे असे माझे मत आहे.

मांडवीकाठ

चर्चा वाचून माझाही प्रश्न विचारतो. फोंड्याला माझ्या पाच टॅक्सी आहेत, पर्यटकांना आणि हॉटेलांना ड्रायव्हर आणि इंधनासह देतो. बिलावर पाच टक्के कर लावतो. ताळेबंद यांनी सांगितलेल्या अपवादात प्रवासी वाहतूक आहे, म्हणजे मला नव्या गाडीचे क्रेडिट मिळायला हवे. शोरूमवाल्यानेही तेच सांगून गाडी विकली. पण माझे सीए क्रेडिट घेऊ देत नाहीत. कोण बरोबर?

ताळेबंद

तुमचे सीए बरोबर आहेत, फक्त कारण वेगळे आहे. कलम १७(५) तुम्हाला अडवत नाही. तुम्हाला अडवतो तो तुम्ही निवडलेला दर. इंधनासह गाडी भाड्याने देण्यावरचा पाच टक्क्यांचा सवलतीचा दर क्रेडिट न घेण्याच्या अटीवरच मिळतो. त्यात एवढीच सूट आहे, की दुसऱ्या टॅक्सीवाल्याकडून गाडी भाड्याने घेतली तर त्या बिलाचे क्रेडिट मर्यादेत घेता येते. गाडीच्या खरेदीचे क्रेडिट हवे असेल तर वरचा दर लावावा लागतो. तो पूर्वी १२ टक्के होता आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला आहे. पर्यटकाला १८ टक्के लावून तुम्ही गोव्यात किती दिवस टिकाल, हे तुम्हीच ठरवा. रोजमेळ यांच्या प्रश्नाशी याचा संबंध नाही, तरी दोन्ही अडथळे लोक नेहमी एक समजतात म्हणून लिहिले.

लेस्टरकर

मी इंग्लंडमध्ये लहान कंपन्यांची व्हॅटची कामे करतो. गाडीच्या बाबतीत इथली स्थिती तुमच्यासारखीच आहे. खासगी वापराला उपलब्ध असलेल्या गाडीच्या खरेदीवरचा व्हॅट परत मिळत नाही आणि प्रत्यक्षात ती खासगी कामाला नेली नाही एवढे सांगून भागत नाही, ती तशी नेताच येणार नाही हे दाखवावे लागते. भाडेपट्ट्याने घेतलेल्या गाडीवर मात्र साधारणपणे निम्मा व्हॅट सोडला जातो, ही तडजोड मला समंजस वाटते. जेवणाचे अगदी उलट आहे. कामासाठी बाहेरगावी गेलेल्या कर्मचाऱ्याच्या जेवणावरचा व्हॅट परत घेता येतो, पण ग्राहकाला जेवू घातले तर नाही. भारतात दोघांचेही ताट एकाच मापाने मोजले जाते, हे वाचून आश्चर्य वाटले.

रोजमेळ

सर्वांचे आभार. गाडी आणि विम्याच्या क्रेडिटचा हट्ट मी सोडतो. आता प्रश्न व्याजाचा उरला आहे. नोटिशीत २,२९,४०० रुपयांवर २० नोव्हेंबर २०२३ पासून १८ टक्के व्याज धरले आहे, कारण ऑक्टोबरचा GSTR-3B त्या दिवशी भरला गेला. मी क्रेडिट लेजर उतरवून पाहिले. आमच्या खात्यात क्रेडिट बहुतेक वेळा शिल्लकच असते. केंद्र आणि राज्य या दोन्ही शीर्षांत शिल्लक सर्वांत कमी झाली ती २० फेब्रुवारी २०२४ रोजी, जानेवारीचे विवरण भरल्यावर, आणि तेव्हा प्रत्येकी ७४,७०० रुपये होती. त्याआधीच्या महिन्यांत ती प्रत्येकी दीड लाखाच्या वर होती आणि त्यानंतर ७४,७०० च्या खाली कधी गेली नाही. याचा काही उपयोग आहे का?

ताळेबंद

उपयोग आहे आणि तुमच्या नोटिशीत पैसे वाचण्यासारखी जागा हीच आहे. कलम ५०(३) आणि नियम ८८बी नुसार व्याज चुकीचे क्रेडिट घेतल्यावर लागत नाही, ते वापरल्यावर लागते, आणि ही तरतूद १ जुलै २०१७ पासून लागू समजली जाते. वापरले केव्हा हे ठरवण्याची रीतही नियमात आहे. लेजरमधली शिल्लक चुकीच्या क्रेडिटच्या रकमेखाली गेली, की जेवढी खाली गेली तेवढे वापरले असे धरायचे.

तुमचे चुकीचे क्रेडिट प्रत्येक शीर्षात १,१४,७०० रुपये. २० फेब्रुवारी २०२४ पर्यंत शिल्लक त्याहून जास्त होती, म्हणून तोपर्यंत व्याज शून्य. त्या दिवशी शिल्लक ७४,७०० वर आली, म्हणजे प्रत्येकी ४०,००० रुपये वापरले गेले, दोन्ही मिळून ८०,०००. यावर १८ टक्क्यांनी वर्षाला १४,४०० रुपये होतात. तुम्ही या महिन्याच्या २० तारखेच्या सुमारास पैसे भरलेत तर दोन वर्षांचे साधारण २८,८०० रुपये व्याज होईल. नोटिशीच्या पद्धतीने हेच ९२,००० च्या वर जाते. नंतर शिल्लक पुन्हा वाढली असली तरी वापरलेल्या भागावरचे व्याज प्रत्यक्ष रिव्हर्स करेपर्यंत चालूच राहते, म्हणून उशीर करू नका.

मूळ रक्कम आणि व्याज DRC-03 ने भरा. व्याज रोखीच्या लेजरमधूनच भरावे लागते. मग ASMT-11 मध्ये उत्तर देताना गाडीच्या हेतूबद्दल एक वाक्यही लिहू नका. दोन्ही शीर्षांची महिनावार शिल्लक दाखवणारा तक्ता, लेजरची प्रत आणि DRC-03 चा क्रमांक एवढेच जोडा. कारणे दाखवा नोटीस निघण्याआधी कर आणि व्याज भरले तर २०२३-२४ साठी कलम ७३ खाली दंड लागत नाही.

यापुढे असे बिल 2B मध्ये आले तर ते आधी GSTR-3B च्या 4(A)(5) या रकान्यात येऊ द्या आणि त्याच महिन्यात 4(B)(1) मध्ये वजा करा. बरेच जण क्रेडिट नको म्हणून बिल पोर्टलवरच्या आयएमएस या बिले स्वीकारण्याच्या-नाकारण्याच्या सोयीत नाकारून टाकतात. ते करू नये, कारण खरेदी खरी आहे आणि विक्रेत्याने काही चूक केलेली नाही.

अभय_चाकण

रोजमेळ, एक गोष्ट राहिली. क्रेडिट गेले म्हणजे पैसे पूर्ण गेले असे नाही. २,२४,००० रुपये गाडीच्या किमतीत मिळवा आणि आयकरात घसारा घ्या. आजवर ते केले नसणार, कारण क्रेडिट घेतलेल्या करावर घसारा घेता येत नाही.

ताळेबंद

बरोबर, आणि विम्याचे ५,४०० रुपये सरळ खर्चात जातील. फक्त घसाऱ्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. गाडीचा दर १५ टक्के आहे, म्हणजे २,२४,००० वर पूर्ण दराने मिळाला तरी पहिल्या वर्षी ३३,६०० रुपयेच उत्पन्नातून वजा होतात आणि कर वाचतो तो त्याच्याही काही टक्केच.

रोजमेळ

तक्ता तयार केला आहे आणि या आठवड्यात DRC-03 भरतो. कँटीनची डिसेंबरपासूनची बिले तूर्त वेगळी ठेवली आहेत. जाईजुई ताईंचे म्हणणे मनाला पटते, पण संचालकांना आणखी एक नोटीस नको आहे.

शेवटची शंका. संचालक ही गाडी पुढच्या वर्षी विकणार आहेत. जुनी गाडी विकताना पूर्ण किमतीवर कर न लावता विक्री किंमत आणि घसारा वजा जाता उरलेली किंमत यांच्या फरकावरच कर लागतो, असे ऐकले आहे. आमच्या गाडीला पाच लाख मिळतील आणि घसाऱ्यानंतरची किंमत त्याहून थोडी जास्त राहील असे दिसते. मग आम्हाला काहीच कर लागणार नाही का?

ताळेबंद

ती सवलत २०१८ च्या आठव्या क्रमांकाच्या अधिसूचनेतली आहे आणि जानेवारी २०२५ पासून तिचा दर सरसकट १८ टक्के आहे. फरक उणे आला तर कर शून्य. पण तिची अट अशी, की विकणाऱ्याने त्या गाडीचे क्रेडिट घेतलेले नसावे. तुम्ही घेतले होते आणि व्याजासह परत केले. परत केलेले क्रेडिट घेतलेच नव्हते असे मानावे, ही भूमिका जुन्या कायद्याखाली न्यायालयांनी अनेकदा मान्य केली आहे आणि मी तुमच्या उत्तरात तीच मांडेन. तरी अधिसूचनेचा शब्द ‘घेतले’ असा आहे. अधिकारी त्यावर अडून बसला तर पाच लाखांवर ९०,००० रुपयांचा प्रश्न होतो.

जाईजुई

मग विक्रीच्या फाइलमध्ये DRC-03 ची प्रत आतापासूनच लावून ठेवा. आमच्याकडे अशीच एक गाडी विकली, तेव्हा तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने पहिला प्रश्न क्रेडिट कोणत्या तारखेला परत केले हा विचारला होता आणि विक्रीच्या आधीची तारीख पाहून पुढे काही लिहिले नाही. सगळेच अधिकारी तसे करतील असे मात्र मी म्हणणार नाही.